वॉरंटीतला मिक्सर बंद पडल्यास दुकानाला तक्रारपत्र कसे लिहावे

मिक्सर वॉरंटीच्या मुदतीत बंद पडतो, माणूस तो पिशवीत घालून दुकानात नेतो, दुकानदार "ठेवून जा, कंपनीला पाठवतो" म्हणतो आणि बिलासकट मिक्सर काउंटरमागे जातो. फेऱ्या मारून कंटाळा आला की मग पत्र लिहायला घेतले जाते. तेव्हा हातात बिल नसते, मिक्सर नसतो आणि तो कोणत्या दिवशी दिला याचा कागदही नसतो. अशा पत्रात राग भरपूर असतो, पण तारीख एकही नसते. दुकानदाराला त्याचे उत्तर देण्याची गरज वाटत नाही, आणि पुढे ते ग्राहक आयोगापुढे ठेवायची वेळ आली तर त्यातून काही सिद्धही होत नाही. चूक भाषेची नसून क्रमाची असते, म्हणून खाली पत्राच्या मजकुराइतकीच जागा त्याच्या आधीच्या तयारीला दिली आहे.

उदाहरणासाठी एकच प्रकरण घेऊ. ते कल्पित आहे, पण नेहमी घडते त्याच धाटणीचे आहे. डिचोलीतील एका कुटुंबाने चवथीच्या तोंडावर, १८ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हापशाच्या एका दुकानातून ७५० वॅटचा तीन भांड्यांचा मिक्सर ४,८५० रुपयांना घेतला. कार्डावर संपूर्ण यंत्राला दोन वर्षांची आणि मोटरला पाच वर्षांची वॉरंटी लिहिलेली आहे. ९ जानेवारी २०२६ रोजी हुमणाचे वाटण वाटताना मिक्सर एकाएकी थांबला. १२ जानेवारीला तो दुकानात दिला, २४ जानेवारीला "दुरुस्त झाला" म्हणून परत मिळाला आणि २७ जानेवारीला तसाच पुन्हा बंद पडला.

टप्पा १ : बिघाड भांड्यात आहे की मोटरमध्ये, ते पाहणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि दुकानदाराचे पहिले उत्तर नेमके इथेच तयार असते: "भांड्याचा कपलर वॉरंटीत येत नाही." ते अनेकदा खरेही असते. पाती, कपलर, वायसर, झाकण यांसारखे झिजणारे भाग बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीतून वगळलेले असतात. म्हणून "मिक्सर चालत नाही" एवढेच लिहिले, तर वाद कोणत्या भागाचा आहे हे ठरवण्याचे काम आपण होऊन समोरच्याच्या हाती देतो.

प्लग काढून भांडे उलटे धरावे आणि खालचा कपलर बोटांनी फिरवून पाहावा. तो सहज फिरत असेल आणि त्याचे दात शाबूत असतील, तर भांडे ठीक आहे. तो जाम असेल किंवा दात गुळगुळीत झाले असतील, तर दोष बहुधा तिथेच आहे. त्यानंतर रिकामे दुसरे भांडे लावून मिक्सर क्षणभर चालवून पाहावा. एका भांड्यावर अडतो आणि दुसऱ्यावर फिरतो, तर मोटर निर्दोष आहे. सगळ्या भांड्यांवर सारखाच अडत असेल, तर दोष खालच्या यंत्रात आहे. मात्र जळका वास आला असेल, ठिणगी दिसली असेल किंवा बाहेरच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील, तर पुन्हा चालवून पाहू नये.

यंत्राच्या तळाला बहुधा लाल रंगाचे एक छोटे बटण असते. मोटरवर जास्त भार आला की ते आपोआप सुटते आणि वीज तोडते. प्लग काढून, भांडे रिकामे करून, मोटर पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मग ते दाबावे. पुष्कळदा "बिघडलेला" मिक्सर एवढ्यानेच चालू होतो आणि पत्राची गरजच उरत नाही. बटण दाबूनही यंत्र चालत नसेल, किंवा रिकाम्या भांड्यावरसुद्धा ते बटण पुन्हा सुटत असेल, तर तसे शब्दशः टिपून ठेवावे. पत्रातले सर्वांत वजनदार वाक्य तेच ठरते, कारण "तुम्ही जास्त माल भरला" या आक्षेपाला ते आधीच उत्तर देते. घरातला दुसरा सॉकेटही लावून पाहावा. पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालू असताना दोष सॉकेटचाही निघतो.

सावधान: गल्लीतल्या कारागिराकडून "जरा उघडून बघ" असे करून घेऊ नये. तळाच्या एखाद्या स्क्रूवर कंपनीचे सील किंवा स्टिकर असते. ते तुटले की कार्डावरच्या अटीनुसार वॉरंटी नाकारण्याचे कारण आपण स्वतः पुरवलेले असते.

टप्पा २ : वस्तू हातातून जाण्यापूर्वी नोंदी करणे

मिक्सर दुकानात नेण्याच्या आधी, घरीच, चार फोटो काढावेत: संपूर्ण यंत्र, तळावरची माहितीची पट्टी, सीलचा स्क्रू आणि ज्या भांड्यावर काम चालू होते त्याचा खालचा भाग. पट्टीवर मॉडेल, वॅट, सिरियल नंबर आणि सलग किती वेळ चालवावा याची मर्यादा छापलेली असते. सिरियल नंबर फोटोत वाचता येतो की नाही ते मोठे करून पाहावे, कारण तळ खोबऱ्याच्या तेलकट थराने झाकलेला असला की आकडे पुसट येतात. भांड्याच्या खालच्या भागाचा फोटो यासाठी, की पाणी गळून मोटरमध्ये गेल्याचा आरोप सर्व्हिस सेंटरकडून नेहमी होतो. भांडे गळत नव्हते हे दाखवणारा फोटो तेव्हा कामी येतो.

बिलाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. मशीनमधून निघणारे चकचकीत कागदाचे बिल उन्हात, उष्णतेत आणि गोव्याच्या दमट हवेत काही महिन्यांत कोरे होते. ते अजून वाचता येत असेल, तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून घ्यावी. बिल हरवले असल्यास दुकानाकडे दुय्यम प्रत मागावी. खरेदीची तारीख आणि रक्कम सांगितली, तर संगणकावरून ती सहज निघते. पैसे यूपीआयने किंवा कार्डाने दिले असतील, तर त्या व्यवहाराची नोंद बँकेच्या उताऱ्यातून काढून ठेवावी. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख नसणे ही सर्रास दिसणारी उणीव आहे, आणि चवथीच्या गर्दीत तर ती ठरलेलीच. शिक्का नाही म्हणून हताश होऊ नये. तारीख आणि मॉडेल असलेले बिल सोबत असेल, तर खरेदीचा दिवस त्याने सिद्ध होतो.

तपासा: बिलावर मॉडेल लिहिलेले आहे का? "मिक्सर – १ नग" एवढेच असेल, तर सिरियल नंबर असलेला खोक्यावरचा लेबलचा भाग कापून ठेवावा. खोका रद्दीत गेला असेल, तर पट्टीचा फोटो पुरेसा आहे.

मिक्सर देताना मूळ बिल देऊ नये, झेरॉक्स द्यावी आणि मूळ फक्त दाखवावे. दिल्याची पावती मागावी. सर्व्हिस सेंटरमध्ये तिला जॉब शीट म्हणतात. दुकानात तशी छापील पावती नसते, पण साध्या कागदावर "अमुक सिरियल नंबरचा मिक्सर दुरुस्तीसाठी मिळाला", तारीख, सही आणि शिक्का एवढे पुरते. दुकानदार ओळखीचा असला की पावती मागणे जिवावर येते, हे खरे. तरीही मागावी. ओळख असलेला दुकानदार लिहून देतो, आणि न देणाऱ्याकडे ती मागणे अधिकच आवश्यक असते.

टप्पा ३ : वॉरंटी कार्ड वाचणे

कार्डावर तीन गोष्टी शोधायच्या असतात, बाकीचे वाचले नाही तरी चालेल. पहिली, कोणत्या भागाला किती मुदत. उदाहरणातल्यासारखी दोन आणि पाच वर्षांची विभागणी असेल, तर त्याचा अर्थ असा, की तिसऱ्या वर्षी बटण किंवा वायर बिघडल्यास खर्च ग्राहकाचा, मोटर बिघडल्यास कंपनीचा. दुसरी, कंपनी काय करण्याचे वचन देते: दुरुस्ती, भाग बदलणे की संपूर्ण यंत्र बदलणे. तिसरी, वगळलेल्या गोष्टी.

वगळलेल्या गोष्टींत एक अट गोव्यात पुष्कळांना नडते. ती म्हणजे व्यावसायिक वापर. घरगुती मिक्सर खाणावळीत, होमस्टेच्या स्वयंपाकघरात किंवा मासळीच्या थाळीच्या धंद्यात वापरला, तर बहुतेक कार्डांनुसार वॉरंटी लागू होत नाही. बिल धंद्याच्या नावावर असेल, तर वाद तिथेच सुरू होतो. घरच्या वापराचा मिक्सर असेल, तर पत्रात "घरगुती वापरासाठी" हे शब्द आवर्जून घालावेत. धंद्यातला असेल, तर ते लपवून पत्र लिहू नये, कारण सर्व्हिस सेंटरचा माणूस आतील कार्बन ब्रशची झीज पाहून वापर किती झाला याचा अंदाज बांधतो.

टप्पा ४ : मागणी ठरवणे

सर्वाधिक पत्रे इथे फसतात. "मिक्सर बदलून द्या, नाहीतर पैसे परत द्या, शिवाय मनस्तापाबद्दल पन्नास हजार रुपये द्या" अशी मागणी वाचली, की दुकानदाराला उत्तर देण्यासारखे काहीच उरत नाही, कारण यातली कोणती मागणी खरी आहे हेच त्याला कळत नाही. पत्रात मुख्य मागणी एक असावी, आणि ती प्रकरण कोणत्या पायरीवर आहे त्याप्रमाणे बदलावी.

मिक्सर पहिल्यांदाच बिघडला असेल, तर मागणी दुरुस्तीची करावी: विनामूल्य, अमुक तारखेपर्यंत, आणि काय बदलले याच्या लेखी नोंदीसह. कारण बहुतेक कार्डे पहिले वचन दुरुस्तीचेच देतात. पहिल्याच पत्रात नवा मिक्सर मागितला, तर दुकानदार कार्ड पुढे करून ती मागणी योग्य कारणाने नाकारतो. मग दुरुस्तीची रास्त मागणीही त्या वादात मागे पडते.

दुरुस्ती होऊन तोच दोष परत आला, म्हणजे उदाहरणातल्या कुटुंबासारखी स्थिती झाली, की बदलून मागण्याला आधार मिळतो. आता दुरुस्तीची संधी दिली होती आणि ती फोल गेली, हे कागदावर दाखवता येते. पैसे परत मागणे ही त्यानंतरची पायरी आहे: तेच मॉडेल बंद झालेले असेल, किंवा बदललेला मिक्सरही बिघडला असेल, तर. दुरुस्तीला दिलेल्या मिक्सरचा दीर्घकाळ पत्ताच लागत नसेल, तर पैसे परत मागणे सरळ दुसऱ्या पत्रातही योग्य ठरते. विकत घेतल्यापासून अगदी थोड्या दिवसांत दोष निघाला असेल, तर मात्र पहिल्या पत्रातच बदली मागायला हरकत नाही.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे बिलाखालचे छापील वाक्य पाहून मागणी सोडू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. मन बदलले म्हणून परत करायला आणलेला माल वेगळा आणि दोषामुळे परत आलेला माल वेगळा. बिलावरच्या त्या वाक्याने दुसरा प्रकार नाहीसा होत नाही.

पत्र कोणाच्या नावे, हा प्रश्नही मागणीशीच जोडलेला आहे. दुकानदार म्हणतो, वॉरंटी कंपनीची, तुम्ही कंपनीकडे जा. कंपनीची हेल्पलाइन म्हणते, विक्रेत्याशी बोला. या झोक्यात बसायचे नसेल, तर पत्र दुकानाच्या मालकाला लिहावे, कारण पैसे त्याने घेतले आणि बिल त्याने दिले. त्याची प्रत कार्डावर छापलेल्या कंपनीच्या ग्राहक सेवा पत्त्यावर पाठवावी. पत्राच्या शेवटी "प्रत" म्हणून कंपनीचे नाव दिसले, की दुकानदारही विषय कंपनीच्या प्रतिनिधीपर्यंत लवकर पोहोचवतो.

टप्पा ५ : पत्र लिहिणे

मजकूर एका पानात बसला पाहिजे. क्रम असा: खरेदीचा तपशील, बिघाडाचे वर्णन, आतापर्यंत काय घडले, मागणी, मुदत, जोडलेले कागद. भावना व्यक्त करायच्याच असतील, तर त्या घरी. "तुमची सेवा अत्यंत निकृष्ट आहे" या वाक्यावर वाद घालता येतो, "१२ जानेवारी रोजी दिलेला मिक्सर २४ जानेवारी रोजी परत मिळाला" यावर घालता येत नाही.

बिघाडाचे वर्णन जे दिसले, ऐकू आले आणि वासाने कळले तेवढेच असावे. "मोटरचे वाइंडिंग जळले" असे निदान आपण करू नये. ते चुकीचे निघाले, तर पत्राचा बाकीचा भागही संशयास्पद ठरतो. वापराबद्दल विचारले नसले, तरी एक खरे वाक्य घालावे. भांडे किती भरले होते आणि किती वेळ चालवले, एवढेच. कच्च्या खोबऱ्याचे मोठे तुकडे पाण्याशिवाय घातले असतील, तर "योग्य वापर केला" असे ठोकून देऊ नये. त्या ठिकाणी फक्त वेळ लिहावा.

मुदत देताना "लवकरात लवकर" हा शब्दप्रयोग टाळावा आणि तारीख लिहावी. पत्र हाती पडल्यापासून पंधरा दिवस ही मुदत वाजवी वाटते. तीन दिवसांची दिली, तर आयोगापुढे ती आडमुठेपणाची दिसते, दोन महिन्यांची दिली, तर मिक्सरची गरजच नव्हती असे वाटते.

उदाहरणातल्या प्रकरणाचे पत्र असे होईल:

> दिनांक : २ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मालक, (दुकानाचे नाव व पूर्ण पत्ता), म्हापसा, बार्देश – गोवा
>
> विषय : वॉरंटीच्या मुदतीत दुसऱ्यांदा बंद पडलेला मिक्सर बदलून मिळण्याबाबत
> संदर्भ : बिल क्रमांक ……, दिनांक १८ ऑगस्ट २०२५
>
> महोदय,
>
> मी वरील बिलान्वये आपल्या दुकानातून (कंपनी व मॉडेल) हा ७५० वॅटचा मिक्सर, सिरियल नंबर ……, घरगुती वापरासाठी ४,८५० रुपयांना खरेदी केला. वॉरंटी कार्डानुसार संपूर्ण यंत्राला दोन वर्षांची वॉरंटी असून ती १७ ऑगस्ट २०२७ पर्यंत चालू आहे.
>
> दिनांक ९ जानेवारी २०२६ रोजी मधल्या भांड्यात निम्म्यापेक्षा कमी वाटण असताना, सुमारे एक मिनिट चालल्यावर मिक्सर एकाएकी थांबला. यंत्र थंड झाल्यावर तळाचे लाल बटण दाबूनही तो चालू झाला नाही. तिन्ही भांड्यांवर हीच स्थिती होती. यंत्र कोठेही उघडलेले नाही व सील शाबूत आहे.
>
> दिनांक १२ जानेवारी रोजी मी मिक्सर आपल्याकडे दुरुस्तीसाठी दिला व त्याची पावती घेतली. दिनांक २४ जानेवारी रोजी तो दुरुस्त झाल्याचे सांगून मला परत देण्यात आला, परंतु कोणता भाग बदलला याची नोंद देण्यात आली नाही. दिनांक २७ जानेवारी रोजी, दुरुस्तीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, तोच दोष पुन्हा उद्भवला व मिक्सर बंद आहे.
>
> दुरुस्तीची संधी देऊनही दोष कायम राहिल्यामुळे, माझी मागणी अशी आहे, की हा मिक्सर त्याच मॉडेलच्या नव्या मिक्सरने विनामूल्य बदलून द्यावा. ही कार्यवाही दिनांक १७ फेब्रुवारी २०२६ पर्यंत व्हावी. मागणी अमान्य असल्यास त्याचे कारण त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावे.
>
> या मुदतीत कार्यवाही किंवा लेखी उत्तर न मिळाल्यास मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार दाखल करावी लागेल.
>
> आपला/आपली,
> (सही, नाव, पत्ता, फोन)
>
> सोबत झेरॉक्स प्रती : बिल, वॉरंटी कार्ड, १२ जानेवारीची पावती, सिरियल नंबरचा फोटो
> प्रत : (कंपनी), ग्राहक सेवा विभाग

"मागणी अमान्य असल्यास कारण लेखी कळवावे" हे वाक्य गाळू नये. तोंडी नकार दुकानदाराला फुकट पडतो. लिहून देताना मात्र तो कंपनीला फोन करतो, आणि निम्मी प्रकरणे त्या फोननेच मार्गी लागतात असा माझा अंदाज आहे. कायद्याचा उल्लेखही एकाच वाक्यात आणि शेवटी आहे. कलमांची यादी पत्राच्या सुरुवातीला ठेवली, तर बोलणीच संपतात.

तपासा: पत्रातली प्रत्येक तारीख जोडलेल्या एखाद्या कागदावर सापडते का? न सापडणारी तारीख ठेवायला हरकत नाही, पण तिच्यापुढे फोन किंवा व्हॉट्सॲप संदेशाचा आधार असावा. आणखी एक गोष्ट: वॉरंटी संपण्याची तारीख स्वतः मोजून लिहावी. वाचणाऱ्याला आकडेमोड करायला लावू नये.

दुकानदाराला समजते ती भाषा निवडावी, आणि म्हापसा, डिचोली, फोंडा या भागांत मराठी पत्राने अडत नाही. परराज्यातील कंपनीला जाणारी प्रत मात्र इंग्रजीत केलेली बरी.

टप्पा ६ : पत्र पोहोचवणे आणि त्याचा पुरावा ठेवणे

दोन प्रती घेऊन स्वतः दुकानात जावे. एक द्यावी, दुसरीवर "मिळाले", तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घ्यावा. काउंटरवरच्या पोराने सही केली तरी चालते, शिक्का मात्र हवाच. सही द्यायला टाळाटाळ झाली, तर वाद न घालता टपाल कार्यालय गाठावे. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालेले असल्यामुळे काउंटरवर स्पीड पोस्ट मागावे आणि पोहोचल्याचा पुरावाही मागावा. पावतीवरचा क्रमांक टाकून पत्र कधी पोहोचले ते नंतर पाहता येते, त्या पानाचे चित्र साठवून ठेवावे.

व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो पाठवणे चांगले, पण ते पत्राच्या जोडीला. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे मालकाने पत्र स्वीकारले असे होत नाही, आणि फोन बदलला की संदेशही जातात.

सावधान: पत्र देण्याच्या दिवशी मिक्सर पुन्हा दुकानात सोडायचा असेल, तर त्याची वेगळी पावती घ्यावी. पत्राच्या प्रतीवरची सही मिक्सर मिळाल्याची सही ठरत नाही.

टप्पा ७ : मुदत संपल्यावर

दुकानाने "वापरातील चूक" असे कारण देऊन नकार दिला, तर सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाचा अहवाल मागावा: कोणता भाग, कोणत्या खुणेवरून, कोणी तपासला. "ओव्हरलोड" हा एक शब्द म्हणजे अहवाल नव्हे. लाल बटण आणि रिकाम्या भांड्याबद्दल टप्पा १ मध्ये केलेली नोंद इथे त्या शब्दासमोर ठेवता येते.

काहीच उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा consumerhelpline.gov.in येथे तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते. मिक्सरसारख्या वस्तूत बऱ्याचदा तेवढे पुरते, कारण कंपनीच्या मुख्य कार्यालयाला म्हापशातल्या काउंटरवर काय घडले याची खबरच नसते.

त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आणि दक्षिण गोव्याचा मडगावला आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मडगावच्या माणसाने म्हापशात घेतलेल्या मिक्सरसाठी पर्वरीला खेटे घालण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्याही दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीत दुकान आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करावे, एकालाच केले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मनस्ताप आणि खर्चाची भरपाई मागायची जागा ही आहे. पहिल्या पत्रात तिचा आकडा नको, तो याचसाठी.

टप्पा ८ : मिक्सर परत घेताना

पत्राचा परिणाम होऊन दुकानातून "या, घेऊन जा" असा फोन आला, की घाईने पिशवी उचलून निघू नये. नवा मिक्सर असेल, तर खोका तिथेच उघडून सिरियल नंबर पाहावा, तो नव्या बिलावर किंवा जुन्या बिलाच्या पाठीमागे शिक्क्यासह लिहून घ्यावा, आणि वॉरंटी आजपासून मोजली जाणार की १८ ऑगस्ट २०२५ पासून, हे लेखी विचारावे. अनेक कंपन्या उरलेलीच मुदत देतात, आणि तसे असेल तर ते आताच माहीत झालेले बरे. दुरुस्त झालेला असेल, तर बदललेल्या भागाचे नाव असलेली जॉब शीट घ्यावी आणि काउंटरवरच प्लग लावून, भांड्यात थोडे पाणी घालून, तिन्ही वेगांवर चालवून पाहावे.

"समाधानकारक स्थितीत मिळाला, कोणतीही तक्रार नाही" अशा छापील ओळीखाली सही मागितली जाते. चालवून पाहू देत नसतील, तर त्या ओळीखाली "चालवून न पाहता घेतला" एवढे हाताने लिहून, तारीख घालून मगच सही करावी, आणि त्या कागदाचा फोटो दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी काढावा.